टीव्हीवर चमकते ठिपके आणि मध्येच काळी स्क्रीन : केबल, पोर्ट की हँडशेक?

पेठकर_मंगळवार · रविवार, रात्री १०:४०

मंडळी, आमच्या तालमीच्या हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर ६५ इंची फोर-के टीव्ही आहे. मागच्या बाजूला कपाटात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्ट्रीमिंग बॉक्स. तिथून टीव्हीपर्यंत १५ मीटरची एचडीएमआय केबल तुळईवरून केसिंग पट्टीतून नेली आहे. आमच्या फुटबॉल संघाच्या शाहू स्टेडियमवरच्या मॅच आम्ही कॅमेऱ्यावर घेतो आणि बुधवारी पोरांना बसवून लॅपटॉपवरून दाखवतो. लॅपटॉप लावताना अ‍ॅम्प्लिफायरमधली केबल काढून थेट लॅपटॉपलाच जोडतो.

त्रास असा आहे. चित्रावर बारीक ठिपके चमकतात. संध्याकाळच्या मॅचमध्ये अंधारी प्रेक्षागॅलरी दिसते तेव्हा जास्त कळतात. बॉक्सवर काही लावलं की ठिपके तर असतातच, वर अधूनमधून दोन-तीन सेकंद सगळं काळं होतं आणि परत येतं. एका मॅचमध्ये दहा-बारा वेळा. आणि कधीकधी संध्याकाळी सगळं चालू केलं की आवाज येतो, चित्रच येत नाही.

टीव्हीवाला माणूस येऊन गेला. त्यानं केबल दुसऱ्या पोर्टवरून काढून तिसऱ्या पोर्टवर लावली, तर ठिपके गायब. म्हणाला पोर्ट गेलंय, बोर्ड बदलायला लागेल, चौदा हजार. तालमीची वर्गणी अशी खर्चायच्या आधी विचारून घ्यावं म्हटलं.

---

अमेय_शाहूपुरी · १०:५८

भावा, हा शंभर टक्के एचडीसीपीचा घोळ आहे. काळी स्क्रीन आली की समजायचं कॉपी-प्रोटेक्शनची बोलणी फिसकटली. केबलचा प्रश्नच नाही, सिग्नल डिजिटल असतो. शून्य आणि एक. आला तर पूर्ण येतो, नाही तर अजिबात येत नाही. केबल खराब असती तर काहीच दिसलं नसतं.

---

मीनल_कळंबा · ११:१५

आमच्याकडे पण हेच! जोराचा पाऊस आला की चित्राचे चौकोन चौकोन होतात, माणसाचं तोंड अर्धं अडकतं, आवाज तुटतो. आम्ही केबल बदलली, काही फरक नाही. कोणती केबल घ्यावी?

---

आबा_लक्ष्मीपुरी · सोमवार, सकाळी ७:२०

मी बावीस वर्षं हॉल, प्रोजेक्टर आणि मिरवणुकीतल्या एलईडी भिंती जोडतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मीनलताई. तुमचं दुखणं वेगळं आहे. केबल घेऊ नका. छत्रीकडून सेटटॉप बॉक्सकडे येणारं चित्र दाबून लहान केलेलं असतं, आणि ते चौकोनांच्या तुकड्यांत दाबलेलं असतं. पावसात तो सिग्नल कमी पडला की तुकडे चुकतात, म्हणून चौकोन दिसतात. बॉक्समधून टीव्हीकडे जाणारं चित्र उलगडलेलं असतं, एकेक बिंदू सुटा. त्या केबलमध्ये चूक झाली तर एक बिंदू चुकेल किंवा एखादी आडवी रेघ चमकेल, चौकोन कधी होणार नाहीत. छत्रीचा रोख आणि तिच्या तारेचे जोड बघून घ्या.

अमेय, "आला तर पूर्ण, नाही तर अजिबात नाही" हे आपण सगळेच ऐकत आलोय, पण या दोघांच्या मध्ये एक पट्टा असतो. त्या पट्ट्यात बहुतेक बिट बरोबर पोचतात आणि थोडे चुकतात. चुकलेला बिट म्हणजे पडद्यावर चुकीच्या रंगाचा एक बिंदू, एका फ्रेमपुरता. तोच हा चमकणारा ठिपका. कॉपी-प्रोटेक्शन बिघडलं तर असे सुटे ठिपके येत नाहीत. तिथं कुलूप आणि किल्ली जुळत नाहीत, त्यामुळे सगळंच चित्र जातं. एक तर काळं होतं, नाही तर जुन्या टीव्हीला अँटेना काढल्यावर यायच्या तशा पडदाभर मुंग्या येतात, रंगीत.

आणि पेठकर, तुमच्या लिहिण्यातच एक पुरावा आहे. ठिपके तुम्ही स्वतः घेतलेल्या मॅचवरही येतात. त्या फाईलला कसलं कॉपी-प्रोटेक्शन? म्हणजे ठिपक्यांपुरता हँडशेक, ती कॉपी-प्रोटेक्शनची बोलणी, सुटला. उरले केबल आणि पोर्ट.

बोर्ड बदलू नका अजून. आधी एवढं बघून सांगा. लॅपटॉप दुसऱ्या पोर्टवर लावल्यावर टीव्हीच्या माहितीपट्टीत काय लिहून येतं, आणि तोच लॅपटॉप तिसऱ्या पोर्टवर लावल्यावर काय येतं? ठिपक्यांचा रंग कोणता? आणि बॉक्सवर काळं होऊन चित्र परत येतं तेव्हा कोपऱ्यात ती माहितीपट्टी पुन्हा उगवते का?

---

पेठकर_मंगळवार · सोमवार, रात्री ९:५०

आबा, बघितलं. दुसऱ्या पोर्टवर `3840x2160 60Hz` येतंय. तिसऱ्या पोर्टवर `3840x2160 30Hz`. हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

ठिपके लाल जास्त आहेत. पांढरे तुरळक. काळं होऊन परत येताना पट्टी उगवते, दर वेळी. पण ज्या दिवशी सुरुवातीपासूनच चित्र येत नाही, त्या दिवशी पट्टी एकदाच येऊन जाते आणि मग नुसतं काळं. "सिग्नल नाही" असं पण लिहून येत नाही.

---

आबा_लक्ष्मीपुरी · मंगळवार, सकाळी ६:५५

तिसऱ्या पोर्टवर ठिपके का गेले ते तुम्हीच शोधलंत. बऱ्याच टीव्हींमध्ये सगळी पोर्ट सारखी नसतात. एक-दोन पोर्ट पूर्ण वेगाची असतात, किंवा मेनूत `Enhanced format` अशा नावाची सोय ज्या पोर्टला चालू केली तेवढंच पूर्ण वेग घेतं. बाकीची पोर्ट लॅपटॉपला सांगतात की मला एवढं झेपत नाही, आणि लॅपटॉप गुपचूप ३० वर उतरतो. त्या माणसानं पोर्ट बदललं असं त्याला वाटलं. खरं तर त्यानं केबलवरचं ओझं निम्मं केलं.

ओझं किती ते साध्या आकड्यात सांगतो. १०८०पी ला सेकंदाला ६० चित्रं पाठवायची तर केबलमधून सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट जातात. फोर-के ३० ला नऊच्या जरा आत. फोर-के ६० ला जवळजवळ अठरा. तांब्याच्या तारेत जितकी वारंवारता जास्त तितकी गळती जास्त, आणि लांबीबरोबर ती वाढतच जाते. १५ मीटरची साधी तांब्याची केबल साडेचारला बहुधा निभावते, नऊला काठावर असते, आणि अठराला मी तरी तिचा भरवसा धरत नाही. अठरासाठी साध्या तांब्याची केबल मी पाच मीटरच्या पुढं लावत नाही, तीसुद्धा खात्रीचं लेबल फोननं स्कॅन करून.

आता दोन चाचण्या करा. पैसा लागत नाही.

पहिली : केबल तीच, पोर्ट तेच दुसरं, लॅपटॉप तोच. फक्त लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० वरून ३० करा, मग १०८०पी ६० करा. प्रत्येक वेळी तोच अंधारा भाग दहा मिनिटं बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे सोडू नका.

दुसरी : लॅपटॉप स्टुलावर ठेवून टीव्हीजवळ न्या आणि कुणाच्या तरी घरची दीड-दोन मीटरची चांगली केबल त्याच दुसऱ्या पोर्टला लावून फोर-के ६० चालवा. ठिपके आले तर पोर्ट, नाही आले तर केबल.

लाल ठिपक्यांबद्दल : लॅपटॉप साध्या आरजीबीत चित्र देत असेल तर केबलच्या आत लाल, हिरवा, निळा यांच्या तारांच्या वेगवेगळ्या जोड्या असतात. एकाच रंगाचे ठिपके जास्त असतील तर ती एक जोडी जास्त दुखावलीय. केबल कुठं तरी दबलेली किंवा कोपऱ्यात मोडलेली असायची शक्यता आहे. केसिंग पट्टी उघडून हात फिरवून बघा.

---

अमेय_शाहूपुरी · मंगळवार, सकाळी ९:३०

आबा, ठिपक्यांचं मान्य. पण काळ्या स्क्रीनचं काय? लॅपटॉपवर काळं होत नाही, बॉक्सवर होतं. म्हणजे ते तरी एचडीसीपीच ना? आणि बॉक्सचा होम मेनू व्यवस्थित दिसतो, पिक्चर लावला की काळं. हे सरळ कॉपी-प्रोटेक्शन झालं.

---

आबा_लक्ष्मीपुरी · मंगळवार, दुपारी १:४०

शंका योग्य आहे, पण दोन ठिकाणी घाई होतेय.

एक, मेनू दिसतो म्हणजे त्या वेळी कुलूप लावलेलं नसतं असं नाही. पुष्कळ बॉक्स केबल जोडल्या क्षणीच कुलूप लावतात आणि मेनूसुद्धा कुलूपबंदच पाठवतात. म्हणून बॉक्सच्या मेनूवरून निकाल देता येत नाही. निकाल द्यायला लॅपटॉपचा साधा डेस्कटॉप बरा, तिथं बहुधा कुलूप नसतं.

दोन, काळं होणं हे एकच लक्षण दोन कारणांनी येतं. चुका थोड्या असतात तोवर ठिपके दिसतात. चुका वाढल्या की टीव्हीची लय तुटते, तो सगळं सोडून नव्यानं सिग्नल पकडायला जातो, त्यात दोन-तीन सेकंद जातात, आणि पकडल्यावर ती माहितीपट्टी पुन्हा दाखवतो. पेठकरांच्या मॅचमधल्या काळ्या झपक्यांत हेच घडतंय : आधी ठिपके, मग काळं, मग पट्टी. केबलचं दुखणंच पुढं सरकलंय.

कुलूप बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा सिग्नलची लय चालूच राहते, बॉक्स फक्त चित्र झाकून ठेवतो. टीव्हीला वाटतं सगळं ठीक आहे. त्यामुळं "सिग्नल नाही" येत नाही, पट्टी परत उगवत नाही. सगळे बॉक्स असं वागतात असं नाही, काही सिग्नलच बंद करतात. पण पेठकरांचं सुरुवातीचं काळं, जिथं आवाज आहे आणि चित्र नाही, ते मला तुमच्या म्हणण्यासारखंच दिसतंय. तिथं तुम्ही बरोबर असाल.

अजून एक ओळखायची खूण आहे, ती म्हणजे ताल. जुन्या पद्धतीच्या कुलपात बॉक्स दर १२८ चित्रांनंतर टीव्हीला विचारतो, तुझा आकडा माझ्याशी जुळतोय का? ६० हर्ट्झला ते सव्वादोन सेकंदांच्या जरा आत येतं, ५० हर्ट्झला अडीच सेकंदांना. नवीन २.२ पद्धतीत आकडे वेगळे आहेत, पण नियमित विचारपूस असतेच. जुळलं नाही की पुन्हा पहिल्यापासून ओळखपाळख. म्हणून हँडशेकचं काळं पुष्कळदा घड्याळासारखं येतं : दिसलं, गेलं, दिसलं, गेलं, ठरावीक अंतरानं. केबलचं काळं अवेळी येतं. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून आठ-दहा झपके मोजा, लगेच कळतं.

---

उद्यमनगर_लेथ · मंगळवार, दुपारी ३:०५

आबा, मध्येच विचारतो, राग मानू नका. आमच्या वर्कशॉपच्या ऑफिसात कॅमेऱ्याच्या डीव्हीआरपासून टीव्हीपर्यंत दहा मीटर एचडीएमआय आहे, १०८०पी. दिवसभर ठीक असतं. शेजारचा मोठा लेथ किंवा कॉम्प्रेसर चालू झाला की टीव्ही एक क्षण काळा. केबल दोनदा बदलली. आणि केबल खोचताना तिच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात.

---

आबा_लक्ष्मीपुरी · मंगळवार, संध्याकाळी ७:१०

झिणझिण्यांचं आधी. ज्या यंत्राच्या वीजपुरवठ्याला अर्थिंग नाही, त्याच्या पत्र्यावर गळतीचा विद्युतदाब साठतो, टेस्टर लावला तर मंद पेटतो. करंट थोडा असतो, माणसाला झिणझिणतं. पण चालू यंत्रावर केबल खोचली की तोच करंट पहिल्यांदा टेकणाऱ्या पिनमधून जातो. मी अशी मेलेली पोर्ट पुष्कळ बघितलीत. यापुढं दोन्हीकडचे स्विच बंद करून, प्लग काढूनच केबल जोडा. आणि वायरमनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत जातंय का ते तपासून घ्या. तिसरं भोक दिसतं म्हणून अर्थिंग आहे असं होत नाही.

काळ्या क्षणाला दोन संशयित आहेत. लेथ चालू होताना दाब खाली येत असेल आणि टीव्ही किंवा डीव्हीआर गडबडत असेल. नाही तर मोटरचा झटका केबलमध्ये शिरत असेल. वेगळं करायला टीव्हीत पेनड्राइव्ह लावा, त्यातला कुठलाही व्हिडिओ चालवा आणि कुणाला तरी लेथ चालू करायला सांगा. पेनड्राइव्हचं चित्रही गेलं तर एचडीएमआयचा काही संबंध नाही, दाबाचं बघा. चित्र राहिलं तर डीव्हीआरचे कॅमेरे मोबाईलवर बघत पुन्हा लेथ चालू करा. तिथंही चित्र तुटलं तर डीव्हीआर, नाही तर केबल किंवा तिचा मार्ग. केबल मोटरच्या वायरबरोबर एकाच पाइपातून गेलीय का?

---

उद्यमनगर_लेथ · मंगळवार, संध्याकाळी ७:३२

हो, एकाच पाइपातून आहे. बघतो चाचणी करून.

---

ऋतुराज_गेमिंग · मंगळवार, रात्री ११:४५

माझ्याकडे नवा कन्सोल आहे, फोर-के १२० वर चालवतो. ठिपके एकही नाही, पण अचानक काळं होऊन परत येतं. ठिपके नाहीत म्हणजे केबल सुटली ना? शिवाय लोडिंगच्या अंधाऱ्या स्क्रीनवर उजेड थरथरतो.

---

आबा_लक्ष्मीपुरी · बुधवार, सकाळी ७:०५

तुमच्याकडं केबल सुटत नाही. १२० ला ज्या नवीन पद्धतीनं सिग्नल जातो, तिच्यात चुका दुरुस्त करायची सोय आत बसवलेली आहे. थोड्या चुका ती भरून काढते, म्हणून ठिपके दिसत नाहीत. चुका तिच्या हाताबाहेर गेल्या की थेट काळं. मधला ठिपक्यांचा टप्पाच तिथं झाकला जातो. कन्सोल १२० वरून ६० वर आणा आणि दोन तास खेळा. काळं थांबलं तर आधी केबलकडं बघा.

थरथरीसाठी व्हीआरआर बंद करून बघा. त्यात चित्रांचा वेग सतत बदलतो, आणि काही पॅनेल वेग बदलला की अंधाऱ्या भागाचा उजेड थोडा कमीजास्त करतात. बंद केल्यावर गेली तर ती पॅनेलची सवय आहे, केबल बदलून जाणार नाही.

---

पेठकर_मंगळवार · बुधवार, रात्री ११:२०

आबा, आज पोरं गेल्यावर सगळं केलं. दोघंजण टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसलो, एक जण लॅपटॉपवर.

दुसरं पोर्ट, १५ मीटर केबल. फोर-के ६० : ठिपके भरपूर, दहा मिनिटांत एकदा काळं पण झालं. फोर-के ३० : दहा मिनिटांत चार-पाच ठिपके, मुद्दाम बघितले म्हणून दिसले. १०८०पी ६० : एकही नाही. वीस मिनिटं बघितलं.

मग एका पोराच्या घरून दोन मीटरची केबल आणली, लॅपटॉप स्टुलावर ठेवून टीव्हीला चिकटवला. दुसरंच पोर्ट, फोर-के ६०. पाऊण तास चालवलं. एकही ठिपका नाही. केबल हलवली, वर उचलली, काही नाही. पोर्ट ठणठणीत आहे.

आणि केसिंग पट्टी उघडली. तुळईच्या कोपऱ्यावर गणपतीच्या डेकोरेशनच्या वेळी कुणीतरी खिळा मारलाय, तो केबलच्या कडेला घासून गेलाय आणि केबल तिथं चपटी झालीय. सोडवून जरा गोल वळण दिलं. लाल ठिपके बरेच कमी झाले, पण फोर-के ६० ला पूर्ण गेले नाहीत.

आता नवीन केबल घ्यायची का?

---

आबा_लक्ष्मीपुरी · गुरुवार, सकाळी ६:४०

काम चोख केलंत. बोर्डाचे चौदा हजार राहू द्या.

केबलबद्दल विचारण्याआधी सांगा, तुमचा कॅमेरा कशात चित्रीकरण करतो?

---

पेठकर_मंगळवार · गुरुवार, सकाळी ८:१५

१०८०पी.

---

आबा_लक्ष्मीपुरी · गुरुवार, सकाळी ८:३०

मग लॅपटॉप १०८०पी ६० वरच ठेवा. जे चित्रीकरणातच नाही ते केबलमधून पाठवून काही वाढत नाही, आणि फोर-के पडद्यावर पसरवायचं काम टीव्ही स्वतः करतो. बॉक्स पण सेटिंगमध्ये जाऊन १०८०पी वर बांधून टाका, "आपोआप" वर सोडू नका. हॉलमध्ये मागच्या रांगेतून फरक कळायचा नाही.

पुढंमागं फोर-केच हवं झालं तर १५ मीटरला आतून काचतंतू असलेली केबल घ्या. तिला दिशा असते. एका टोकावर बॉक्सकडचं आणि दुसऱ्यावर टीव्हीकडचं असं लिहिलेलं असतं. पट्टीत उलटी घातली तर चित्र येतच नाही आणि सगळं पुन्हा उपसावं लागतं, म्हणून आधी जमिनीवर पसरून चालवून बघायची. घट्ट कोपरा तिला चालत नाही. खिळा तर नाहीच.

लिनक्सचा लॅपटॉप असेल तर वेग उतरवायला एवढी ओळ पुरते, पोर्टचं नाव तुमच्याकडं वेगळं असू शकतं :

```
xrandr --output HDMI-1 --mode 1920x1080 --rate 60
```

आता ते सुरुवातीचं काळं. बॉक्स १०८०पी ला बांधल्यावर मॅचमधले झपके गेले आणि हे तरीही राहिलं, तर केबलच्या वेगाचा प्रश्न संपला असं धरू. मग अ‍ॅम्प्लिफायर मधून काढा, बॉक्स थेट १५ मीटर केबलला लावा आणि चार-पाच दिवस बघा.

---

अमेय_शाहूपुरी · गुरुवार, सकाळी १०:००

आबा, बाजारात एक स्प्लिटर मिळतो, तो मध्ये लावला की एचडीसीपीचा त्रास संपतो म्हणतात. पाचशे-सातशेत.

---

आबा_लक्ष्मीपुरी · गुरुवार, दुपारी २:१५

कुलूप काढून टाकणारे स्प्लिटर मी सुचवत नाही. ते कायद्याच्याही आड येऊ शकतं, आणि सार्वजनिक हॉलमध्ये तर नकोच. शिवाय पेठकरांच्या ठिपक्यांना त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. मध्ये आणखी एक डबा म्हणजे आणखी दोन जोड, आणि पुढं शोधताना आणखी एक संशयित.

---

पेठकर_मंगळवार · पुढचा बुधवार, रात्री १०:५५

आठवड्याचा हिशोब देतो. बॉक्स आणि लॅपटॉप दोन्ही १०८०पी वर आहेत. ठिपके नाहीत, मध्येच होणारे काळे झपके पण नाहीत. आज पोरांनी सेमी-फायनलचा पहिला गोल चार वेळा मागं-पुढं करून बघितला, बॉल पायातून कुठं सुटला ते स्पष्ट दिसलं.

अ‍ॅम्प्लिफायर काढून बॉक्स थेट लावला तेव्हा पाचही संध्याकाळी चित्र पहिल्या झटक्यात आलं. परत मध्ये लावल्यावर पहिल्याच दिवशी आवाज आहे, चित्र नाही. त्याच वेळी बॉक्स काढून लॅपटॉप अ‍ॅम्प्लिफायरला लावला तर डेस्कटॉप व्यवस्थित दिसला.

---

आबा_लक्ष्मीपुरी · गुरुवार, सकाळी ७:१५

मग हे हँडशेकचं आहे, आणि ते अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढच्या टप्प्यात अडकतंय. अमेय, हे तुमच्या खात्यात.

मध्ये अ‍ॅम्प्लिफायर असला की बॉक्सला दोघांची ओळख पटवावी लागते. अ‍ॅम्प्लिफायर स्वतःची आणि पुढं असलेल्या टीव्हीची यादी देतो. बॉक्सनं विचारलं तेव्हा टीव्ही अजून जागा होत असेल तर यादी अर्धी जाते, आणि काही बॉक्स पुन्हा विचारायला आळस करतात. म्हणून चालू करायचा क्रम पाळा : आधी टीव्ही, त्यावर योग्य इनपुट निवडून तो पूर्ण जागा व्हायची वाट बघा, मग अ‍ॅम्प्लिफायर, शेवटी बॉक्स. तरी काळं आलं तर केबल उपटू नका, टीव्हीचं इनपुट बदलून परत त्याच इनपुटवर या. त्यानं बहुधा ओळखपाळख पुन्हा होते.

आणि व्हिडिओ सुरू होताना किंवा बदलताना दोन-तीन सेकंद काळं होत असेल तर घाबरू नका. तिथं चित्राचा वेग २४ वरून ६० ला किंवा उलट बदलतो, आणि प्रत्येक बदलाला सगळी ओळखपाळख नव्यानं होते. नकोसं वाटलं तर बॉक्समध्ये वेग जुळवून घ्यायची सोय बंद करा.

---

पेठकर_मंगळवार · रविवार, रात्री ९:३०

क्रम पाळतोय. चार दिवसांत एकदाच काळं आलं, इनपुट बदलल्यावर लगेच चित्र आलं. पण ते एकदा तरी का आलं? क्रम बरोबर होता, मीच चालू केलं होतं.

---

आबा_लक्ष्मीपुरी · रविवार, रात्री १०:१०

दोन शक्यता मला दिसतात. एक तर अ‍ॅम्प्लिफायरच्या आतलं सॉफ्टवेअर जुनं आहे. नाही तर पुन्हा तीच केबल. ओळखपाळख चित्राच्या जाड्या जोड्यांतून होत नाही, त्याच केबलमधल्या दोन बारीक, हळू तारांतून होते. त्यांच्यावर चित्राच्या वेगाचा परिणाम नाही, १०८०पी केलं म्हणून त्या सुधारत नाहीत. १५ मीटरमध्ये त्यांचा सिग्नल बोथट होतो. शिवाय खिळ्यानं कोणती तार दुखावलीय ते आपल्याला बाहेरून दिसत नाही. पण थेट जोडल्यावर पाचही दिवस चित्र आलं, तेही याच केबलमधून, म्हणून मी ठामपणे केबल म्हणत नाही.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायर आणि बॉक्स दोन्ही टीव्हीखाली टेबलावर ठेवून दोन मीटरच्या केबलवर दहा वेळा बंद-चालू करा. दहाही वेळा आलं तर १५ मीटर. तरी एकदा चुकलं तर अ‍ॅम्प्लिफायर.

---

पेठकर_मंगळवार · रविवार, रात्री १०:२२

स्पीकरच्या वायरी तेवढ्या पुढं पोचत नाहीत, पण चित्रासाठी त्यांची गरज नाही. लीगचा सामना शनिवारी आहे, रविवारी करतो आणि इथंच लिहितो.

---

उद्यमनगर_लेथ · सोमवार, दुपारी १२:५०

आबा, पेनड्राइव्हची चाचणी केली. लेथ तीन वेळा चालू केला, पेनड्राइव्हचं चित्र एकदाही गेलं नाही. मोबाईलवर कॅमेरे पण तुटले नाहीत. पण कॉम्प्रेसर चालू केला तेव्हा टीव्ही पेनड्राइव्हवर असताना सुद्धा एकदा मिचकला. म्हणजे लेथचं कारण वेगळं आणि कॉम्प्रेसरचं वेगळं आहे का?

---

आबा_लक्ष्मीपुरी · सोमवार, संध्याकाळी ६:३०

तसंच दिसतंय. लेथसाठी केबल मोटरच्या पाइपातून बाहेर काढा, निदान तात्पुरती जमिनीवरून वेगळी टाकून बघा. कॉम्प्रेसर चालू होताना सॉकेटवर दाब किती उतरतो ते वायरमनला मीटर लावून बघायला सांगा, अर्थिंग तपासतानाच. आकडा कळला की लिहा.